केल्पच्या गोळ्या, नोरीची पाकिटं आणि वाढलेला टीएसएच

जाईजुई
नमस्कार मंडळी. वय ३६, मुक्काम पुणे. केस मुठीमुठीने गळायला लागले म्हणून पार्लरवाल्या ताईंच्या सांगण्यावरून दिवाळीनंतर केल्प या समुद्री शेवाळाच्या गोळ्या सुरू केल्या. बाटलीवर ‘समुद्री केल्प ५०० मिग्रॅ, रोज २ गोळ्या’ एवढंच लिहिलंय. आयोडीन किती, याचा उल्लेखच नाही. शिवाय लेकीला कोरियन मालिकांचं वेड असल्याने घरात त्या खाऱ्या नोरीच्या पातळ पापड्यांची पाकिटं कायम असतात. तिच्याबरोबर मीही चघळते.

संक्रांतीपासून थकवा, थंडी सोसवेना, सकाळी तोंड सुजल्यासारखं, पाळीही लांबली. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की वाढणारं हार्मोन, १४.८ निघाला. फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, मर्यादेत आहे, पण अगदी तळाशी. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून थायरॉइडची ५० ची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, आता ही कायमची. केल्पचं मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

हे त्या गोळ्यांमुळे झालं असेल का? थायरॉइडला आयोडीन लागतं असंच शाळेपासून ऐकलंय, मग आयोडीन घेऊन थायरॉइड मंद कसा होईल? आणि लेकीच्या पापड्याही बंद करू का?

नैसर्गिक_मी
घाबरू नका आणि गोळ्या अजिबात बंद करू नका. थायरॉइड मंद म्हणजे आयोडीन कमी, हे साधं गणित आहे. गलगंड होतो म्हणून तर सरकारला मिठात आयोडीन घालावं लागलं. आयोडीन सुरू केलं की सुरुवातीला टीएसएच वाढतोच, ग्रंथी जागी होत असते. काही महिन्यांत आपोआप खाली येतो. जपानी लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्री शेवाळ खातात, त्यांचं काय वाईट झालं? उलट सर्वांत दीर्घायुषी तेच. कायमची गोळी मागे लावून घेण्याआधी विचार करा.

क्षार
वरच्या प्रतिसादात अर्धं खरं आहे आणि तेच घातक आहे. मी हार्मोन तपासणीच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण आयोडीनचं सांगू शकतो.

आयोडीन कमी पडलं तर ग्रंथी मंदावते, हे खरं. पण रक्तात आयोडीन एकदम फार वाढलं तरीही ग्रंथी हार्मोन बनवणं थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी १९४८ साली उंदरांवर हे दाखवलं. निरोगी माणसात ही बंदी टिकत नाही. आठवडा-दहा दिवसांत ग्रंथी रक्तातून आयोडीन ओढून घेणंच कमी करते, आतला साठा उतरतो आणि काम पुन्हा सुरू होतं. म्हणून चार दिवस कोणी भरपूर शेवाळ खाल्लं तर बहुतेकांना काही कळतही नाही.

अडचण होते ती ज्यांची ग्रंथी आधीच दुखावलेली असते त्यांची. त्यात सर्वांत मोठा गट म्हणजे स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध अँटिबॉडी असलेले लोक, ज्याला हाशिमोटो म्हणतात. आपल्याकडे बायकांमध्ये हा प्रकार भरपूर आहे आणि कित्येकींना वर्षानुवर्षं पत्ता नसतो. त्यांच्या ग्रंथीला आयोडीन ओढणं कमी करता येत नाही, आणि जोवर आयोडीन येत राहतं तोवर ती बंदच राहते. टीएसएच चढत जातो. बाळंतपणानंतर थायरॉइडचा त्रास होऊन गेलेल्या बायका, किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झालेले लोक आणि नवजात बाळं यांचंही असंच.

नैसर्गिक_मी म्हणतात तसा टीएसएच थोडा वाढून परत बसतो, हे निरोगी माणसात दिसतं. दोन-तीन महिने झाल्यावर १४.८, सोबत सूज आणि थंडी, हे ‘जागं होणं’ नव्हे.

आता तुमच्या बाटलीचा हिशोब. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. ५०० मिग्रॅ हे वाळलेल्या शेवाळाचं वजन आहे, आयोडीनचं नाही. तुम्ही दिवसाला १ ग्रॅम केल्पची भुकटी खात होतात. केल्प म्हणजे जपानी लोक ज्याला कोम्बू म्हणतात त्या जातीची तपकिरी शेवाळं. त्यांच्या एका ग्रॅममध्ये काहीशे मायक्रोग्रॅमपासून ते चांगले ८,००० मायक्रोग्रॅमपर्यंत आयोडीन सापडलेलं आहे. कुठली जात, पानाचा कुठला भाग, कधी काढलं, कसं वाळवलं यावर ते बदलतं. कोम्बूला ग्रॅमला २,००० धरा, म्हणजे फार ओढूनताणून होणार नाही. तर तुमच्या दोन गोळ्यांत २,००० मायक्रोग्रॅम. युरोपात मोठ्यांसाठी रोजची वरची मर्यादा ६०० धरतात, अमेरिकेत १,१००. भुकटी सौम्य निघाली तर तुम्ही मर्यादेच्या आतही असाल. बाटलीवर आकडा नसल्याने हे कुणीच सांगू शकणार नाही, आणि माझा मुख्य आक्षेप यालाच आहे.

शेंगदाणा_चटणी
आकडा लिहिलेली बाटली घेतली तर चालेल मग?

क्षार
लिहिलेला आकडा खरा असेलच असं नाही. अमेरिकेत गरोदर बायकांच्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या तपासल्या होत्या, २००९ साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांत आयोडीन पोटॅशियम आयोडाइडच्या रूपात घातलं होतं त्या लेबलच्या बऱ्यापैकी जवळ होत्या. ज्यांत केल्प होतं त्यांतल्या कित्येक लेबलपासून खूप दूर होत्या, काही कमी, काही जास्त. झाडपाल्यासारखाच माल आहे, प्रत्येक खेप वेगळी. एखाद्याला खरंच आयोडीन द्यायचं असेल तर डॉक्टर मोजून आयोडाइड देतात, केल्प नाही.

यारानदी
मेलबर्नहून. इथे यावर मोठं रामायण झालं होतं, जुन्या मंडळींना आठवत असेल. बॉनसॉय नावाचं सोयादूध मिळायचं, चव छान म्हणून कॅफेवाल्यांचं लाडकं. त्यात चवीसाठी कोम्बूचा अर्क घालायचे. २००९ च्या डिसेंबरमध्ये ते बाजारातून परत बोलावलं, कारण आयोडीन भयंकर निघालं. दिवसाला जेमतेम ३० मिली प्यायलं तरी मर्यादा ओलांडली जाईल, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. म्हणजे कपभर कॉफीत घालतो तेवढंही जास्तच. थायरॉइड बिघडलेल्यांनी मिळून खटला भरला आणि शेवटी अडीच कोटी डॉलरवर तडजोड झाली.

मला त्यातलं विशेष वाटलं ते हे की कुणी ‘शेवाळ’ खातच नव्हतं! दूध पीत होते. गाईम्हशीचं दूध सोडलेली, शाकाहारी, तब्येतीला जपणारी माणसं. घटकांच्या यादीत कोम्बू लिहिलेलं होतं, पण त्याचा अर्थ थायरॉइड बिघडणं असा होतो हे कोण ओळखणार. आणि सगळ्यांचं एकाच दिशेने बिघडलं असंही नाही, काहींचा मंदावला, काहींचा वेगाने धावायला लागला.

कुडाळकर
वेगाने धावायला लागला, यावरून आमच्या बाबांचं लिहितो. वय ६८. गळ्यात उजव्या बाजूला गाठी आहेत, दहा-बारा वर्षं झाली. सुईने तपासून झालंय, साध्या आहेत. टीएसएच नेहमी नॉर्मलच्या खालच्या टोकाला. औषध नाही. मागच्या वर्षी साखळी पद्धतीने विकणाऱ्या एका नातेवाइकाने ‘गाठी विरघळतील’ म्हणून केल्पच्या कॅप्सूल गळ्यात मारल्या. दोनेक महिन्यांत वजन उतरलं, हात थरथरायला लागले आणि एका रात्री छातीत इतकी धडधड झाली की दवाखान्यात न्यावं लागलं. ईसीजीत ठोके अनियमित. टीएसएच जवळजवळ शून्य.

क्षार, तुमच्या म्हणण्यानुसार जास्त आयोडीनने थायरॉइड मंद व्हायला हवा होता. बाबांचं उलटं कसं झालं?

क्षार
कारण बाबांच्या गाठींतला काही भाग मेंदूच्या ताब्यात नाही. टीएसएच कायम खालच्या टोकाला होता, ती त्याची खूण होती. असा भाग आयोडीन मिळेल तेवढं हार्मोन बनवतो. इतकी वर्षं मिठातल्या आयोडीनवर जेमतेम चाललं होतं, कॅप्सूलने त्याला अमाप कच्चा माल मिळाला. म्हाताऱ्या माणसात, जुन्या गाठी असताना, हे जास्त धोक्याचं, कारण फटका थेट हृदयाला बसतो.

स्कॅन केला होता का? आणि औषधाने लवकर आटोक्यात आलं का?

कुडाळकर
स्कॅनमध्ये ग्रंथीने औषध जवळपास घेतलंच नाही. त्यावरून आधी ‘ग्रंथीला सूज आहे, आपोआप बसेल’ असं निदान झालं होतं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी घरात काय काय खाता ते विचारलं आणि कॅप्सूलचं निघालं. कार्बिमाझोल सुरू केलं पण उतरायला बराच वेळ लागला, मधे डोस वाढवावा लागला.

क्षार
अगदी तसंच होतं. स्कॅनमध्ये किरणोत्सारी आयोडीन किंवा टेक्नेशियम देतात. ग्रंथी आधीच आयोडीनने गच्च भरलेली असेल तर ती नवीन काही ओढत नाही, आणि चित्र सुजेसारखं कोरं दिसतं. कार्बिमाझोल नवीन हार्मोन बनणं अडवतं, पण आधीचा मोठा साठा असल्याने असर उशिरा दिसतो. म्हणून खाण्याचा प्रश्न आधी विचारायला हवा. आपल्याकडे डॉक्टर विचारतात ‘काही औषधं चालू आहेत का’, आणि पेशंट म्हणतो ‘नाही’, कारण कॅप्सूल त्याच्या लेखी औषध नसतंच.

सोलकढी
(नाव गमतीने घेतलंय, राहते खरंच सोलमध्ये.) जाईजुई, लेकीच्या पापड्यांबद्दल. त्या पापड्या म्हणजे इथली ‘किम’, जपानी नोरी. ती लाल शेवाळाची जात आहे, केल्प नव्हे. इथे शाळेच्या डब्यात रोज असते.

पण वाकामे या तपकिरी शेवाळाची गोष्ट वेगळी. इथे बाळंतिणीला ‘मियॉक्गुक’ म्हणजे वाकामेचं सार देतात, आपल्याकडे डिंकाचे लाडू देतात तसं. माझ्या बाळंतपणात शेजारच्या आजींनी पातेलंभर आणून दिलं, दोन्ही वेळा प्यायचं म्हणाल्या. दवाखान्यातल्या नर्सनेच सांगितलं की बाळ वेळेआधी झालंय, तर जरा हात आखडता घ्या, थायरॉइड तपासत राहू. तेव्हा मला ते अतिच वाटलं होतं. यात तथ्य आहे का?

क्षार
आहे. आईच्या दुधात आयोडीन चांगलंच उतरतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या ग्रंथीला जास्तीच्या आयोडीनपासून सुटका करून घेणं जमत नाही. कोरियातल्याच डॉक्टरांनी अशा बाळांत टीएसएच वाढल्याचं नोंदवलंय. नर्सबाई हुशार होत्या. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आईने आठवड्यातून दोनदा वाटीभर सार प्यायलं तर काय होईल, याचं नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. कोरियन बायका पिढ्यान्‌पिढ्या पितात आणि बहुतेक बाळं ठणठणीत असतात, हेही खरंच.

नोरीचा हिशोब सोपा आहे. एका ग्रॅमला साधारण १६ ते ४० मायक्रोग्रॅम. लेकीचं छोटं पाकीट ५ ग्रॅमचं असेल तर एका पाकिटात ८० ते २००. म्हणजे एका दिवसाच्या गरजेइतकं. मीठ वेगळं. आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असावं असा नियम आहे, त्यातून आणखी शंभरेक पोटात जातं. थायरॉइडचा इतिहास नसलेल्या मुलीने अधूनमधून पाकीट खाल्लं तर मला काळजी वाटणार नाही. फक्त पाकिटामागे घटकांत ‘कोम्बू’ किंवा ‘केल्प अर्क’ आहे का ते वाचा. काही मसालेदार प्रकारांत चवीसाठी तो असतो, आणि मग हा हिशोब चालत नाही.

नैसर्गिक_मी
जपानचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

सोलकढी
मी चार वर्षं ओसाकात होते, मी देते. कोम्बू ते भाजीसारखं बचकाभर खात नाहीत. तुकडा पाण्यात ठेवून त्याचं सार काढतात आणि तुकडा बहुधा बाजूला करतात.

क्षार
सोलकढी, त्याने फार फरक पडत नाही. आयोडीन पाण्यात उतरतं, पंधराएक मिनिटं उकळलं तर बहुतेक सगळंच. खायचं नसेल तर पाणी ओतून टाकायला हवं, तुम्ही लोक तुकडा टाकता आणि पाणी पिता.

तर जपान. सरासरी जपानी माणूस दिवसाला १,००० ते ३,००० मायक्रोग्रॅम घेतो असा अंदाज आहे आणि बहुतेकांना तो सोसतो. लहानपणापासूनची सवय हे एक कारण मानतात. पण ‘काही होत नाही’ हे चूक. होक्काइदोच्या किनाऱ्यावर, जिथे कोम्बू काढतात तिथे, शेवाळ अति खाण्यामुळे झालेला गलगंड १९६० च्या दशकात तिथल्याच डॉक्टरांनी नोंदवला. शेवाळ बंद केल्यावर गाठ उतरलेले लोकही त्यात होते. आणि हाशिमोटो हे नावच एका जपानी डॉक्टरांचं आहे. दीर्घायुष्याचं श्रेय एकट्या शेवाळाला देणं मला पटत नाही, पण तो वाद इथे नको.

वासंती_काकू
मला बारा वर्षं थायरॉइड आहे, ७५ ची गोळी चालू आहे. एकादशीला चायना ग्रासची जेली करते, तीही समुद्रातल्या शेवाळाची असते म्हणे. बंद करू का? आणि आयोडीन नको म्हणून सैंधव मीठ सुरू करावं का? आमच्या भिशीत सगळ्या तेच वापरतात.

क्षार
काकू, चायना ग्रास लाल शेवाळापासून काढतात, उकळून, गाळून, धुऊन. एकादशीच्या वाटीभर जेलीत काळजी करण्याइतकं आयोडीन राहत नाही. खुशाल करा. मीठ बदलू नका. तुमची ग्रंथी मिठाने बिघडलेली नाही, आणि घरात एखादी सून-लेक गरोदर असेल तर तिला आयोडीन जास्त लागतं. सैंधवात ते मुळातून नगण्य असतं.

यारानदी
+१. इथली भारतीय दुकानं गुलाबी मिठाने भरली आहेत, आणि त्याच्याच शेजारच्या फळीवर केल्पच्या बाटल्या. एका हाताने काढायचं, दुसऱ्या हाताने ओतायचं.

जाईजुई
क्षार, मग मी नेमकं काय करू? ५० ची गोळी अजून सुरू केलेली नाही.

क्षार
बाटली घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, किंवा थायरॉइडच्या तज्ज्ञाकडे. केल्प आजपासून बंद, हे त्यांना विचारायलाही नको. अँटी-टीपीओ, म्हणजे हाशिमोटोत सापडणारी अँटिबॉडी, तपासायला सांगा. मग विचारा की केल्पने झालं असेल तर सहा ते आठ आठवडे थांबून परत बघायचं का. आयोडीनने आलेला मंदपणा बहुतेकदा तेवढ्यात उतरायला लागतो. पण हे थांबणं सगळ्यांना चालत नाही. टी-४ मर्यादेच्या खाली गेला असेल, त्रास वाढत असेल किंवा बाळाचा विचार असेल तर थांबू नये, गोळी घ्यावी, नंतर ती कमी करून बघता येते. ५० ची गोळी लिहिणं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. ‘कायमची’ हे एवढ्या लवकर म्हणायला नको होतं.

आणखी एक. केसांसाठी बायोटिन घेताय का? घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी आधी, आणि लॅबला सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो. म्हणजे तुमचा १४.८ बायोटिनमुळे आलेला नाही, पण पुढचा आकडा त्यामुळे उगाच छान दिसू शकतो.

लघवीतलं आयोडीन तपासून घ्यावं असं कुणी सुचवेल. एका नमुन्यातून तुम्ही काल काय खाल्लं एवढंच कळतं. गावच्या गाव तपासायला ती चाचणी चांगली, एका माणसासाठी तिच्यावर पैसे घालवू नका.

जाईजुई
बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय. तज्ज्ञ डॉक्टरांना बाटली दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन मागे-पुढे फिरवली, आकडा शोधला आणि टेबलावर ठेवून दिली, बोलल्या काही नाहीत. अँटी-टीपीओ चांगलाच वाढलेला निघाला. बाळाचा विचार नाही, टी-४ मर्यादेत, म्हणून थांबायचं ठरलं. बायोटिन होतंच, तेही बंद केलं.

सात आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये टीएसएच ६.२, टी-४ मधोमध. सूज गेली, थंडी गेली. केस अजून गळतातच. डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी परत बघू.

शोधाशोध करताना तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला, त्यात टीएसएच ४.१ होता. म्हणजे आधीपासूनच काहीतरी होतं का?

क्षार
१४.८ वरून ६.२, औषधाशिवाय. केल्पचा हात होता असं मानायला हे पुरेसं आहे. ४.१ आणि अँटिबॉडी बघता ग्रंथी आधीपासून थोडी कुरकुरत असावी आणि केल्पने तिला आडवं केलं, असा माझा अंदाज. आता ती ३-४ वर येऊन थांबते की ६ च्या आसपास रेंगाळते की काही वर्षांनी पुन्हा चढते, हे आज कुणी सांगणार नाही. अँटिबॉडी असलेल्यांत तिन्ही प्रकार बघितलेत. वर्षातून एकदा तपासणी मात्र आता तुमच्यामागे लागलीच.

नैसर्गिक_मी
केल्प बंद केल्याने उतरला की बायोटिन बंद केल्याने, ते कसं ठरवणार?

क्षार
चांगला प्रश्न. बायोटिनने टीएसएच खोटा कमी येतो. ते बंद केल्यावर आकडा वाढायला हवा होता, तो कमी झाला. त्यामुळे बायोटिनकडे बोट दाखवता येत नाही. उलट पहिला आकडा प्रत्यक्षात १४.८ पेक्षाही जास्त असू शकेल. केल्प न सोडताही आपोआप उतरला असता का, हे मात्र एका पेशंटवरून सिद्ध होत नाही, तेवढं मान्य.

कुडाळकर
अवांतर नाही, विषयातलंच आहे. बाबांच्या गोळ्या आता बंद आहेत, टीएसएच ०.४ वर आलाय. पण हृदयवाल्या डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी सांगितली आहे. त्या इंजेक्शनमध्येही आयोडीन असतं ना?

क्षार
असतं, आणि केल्पच्या कैक पट. एका सीटीत कित्येक ग्रॅम जातं. बहुतेक सगळं रेणूत बांधलेलं असतं आणि लघवीतून निघून जातं, पण सुटं होणारं थोडंसुद्धा बाबांसारख्या ग्रंथीला पुरतं. चाचणी गरजेची असेल तर ती टाळू नका. फक्त हृदयवाल्यांना आणि थायरॉइडवाल्यांना एकमेकांशी बोलायला लावा, ते आधी कार्बिमाझोल देऊन ठेवायचं का ते ठरवतील. आणि नंतर चार ते आठ आठवड्यांच्या दरम्यान टीएसएच करा, धडधड सुरू झाली तर लगेच. ठोक्यांसाठी अमिओडॅरोन लिहिलं तर तेव्हाही गाठींचं आवर्जून सांगा, त्याच्या २०० मिग्रॅच्या गोळीत ७५ मिग्रॅ आयोडीन असतं.

कुडाळकर
अमिओडॅरोन आत्ताच चिठ्ठीवर बघितलं, आहे. उद्या सकाळी दोघांनाही फोन लावतो.